ट्रायकोडर्मा फसत नाही, तो शेतात पोचायच्या आधीच मेलेला असतो

मागच्या डिसेंबरात आमच्या तालुक्यातल्या एका गावात बातमीसाठी गेलो होतो. हरभऱ्यात मर लागली होती. दोन एकरांचं रान, त्यात ठिकठिकाणी पिवळे-करडे पट्टे. शेतकरी बांधावर बसलेला, हातात अर्धी रिकामी पुडी. म्हणाला, "भाऊ, लिहा पेपरात, हे ट्रायकोडर्मा थोतांड आहे. दोन वेळा सोडलं, काय फरक नाही."

लिहिणार होतो. मथळासुद्धा डोक्यात तयार होता. पण त्याला चार प्रश्न विचारले आणि मथळा बदलावा लागला.

पहिला प्रश्न, पुडी कधी मिळाली? योजनेतून आली होती, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पेरणी झाली होती ऑक्टोबरअखेर. म्हणजे पेरणीच्या वेळी वापरायची वस्तू पाच आठवड्यांनी हातात पडली. कागदावर वाटप शंभर टक्के, शेतात उपयोग शून्य. ज्या कार्यालयाने हे वाटलं त्याचं नाव लिहीत नाही, कारण हा आजार एका कार्यालयाचा नाही.

उशीर का नडतो ते समजून घ्या. मर रोगाची बुरशी, फ्युजेरियम, जमिनीत राहते. पीक नसलं तरी पाच-सहा वर्षं टिकते. ती मुळातून आत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत ठाण मांडते. झाड वरून सुकतं, कारण आतली पाइपलाइन तुंबलेली असते. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुळाच्या भोवती, मातीत काम करते. तिथली जागा आणि अन्न आधी बळकावते, फ्युजेरियमच्या धाग्यांना वेटोळे घालून त्यांना खाते. पण शत्रू एकदा नळीत शिरला की ती त्याच्या मागे आत जात नाही. म्हणून सुकलेल्या झाडाच्या बुडाशी ओतलेला ट्रायकोडर्मा म्हणजे चोर घरात शिरल्यावर दाराला लावलेलं कुलूप. शेजारची झाडं वाचली तर वाचली, सुकलेलं उठत नाही. हे दुकानदार सांगत नाही, पुडीही सांगत नाही.

दुसरा प्रश्न, बियाणं कसलं होतं? पिशवीतलं, गुलाबी रंग लावलेलं. पिशवीवर कार्बेन्डाझिमची प्रक्रिया केल्याचं छापलेलं. बियाण्यावर हे बुरशीनाशक असताना वरून ट्रायकोडर्मा चोळला तर काय होणार? तीही बुरशीच आहे. औषधाला मित्र-शत्रू कळत नाही. अशा बियाण्याला बॅसिलस चालतो. तो जिवाणू आहे, त्याचे बीजाणू टणक असतात, उन्हात आणि बहुतेक बुरशीनाशकांसोबतही तग धरतात. मात्र त्याला तांबं असलेली औषधं आणि जिवाणूनाशकं नकोत. म्हणजे प्रक्रिया केलेल्या बियाण्याला बॅसिलस लावा आणि ट्रायकोडर्मा शेणखतातून जमिनीत द्या. इतकी सोपी गोष्ट आहे, पण विकणारा दोन्ही पुड्या "जैविक" म्हणून एकाच हाताने देतो.

तिसरा प्रश्न, पुडी ठेवली कुठे होती? शेतकऱ्याने हसून पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवलं. त्याआधी ती गोदामात किती दिवस होती, देव जाणे. पावडरमधला ट्रायकोडर्मा जिवंत असतो. सावलीत, थंड जागी साधारण सहा महिने टिकतो. मे महिन्यात पत्र्याखाली काढलेली पुडी म्हणजे नुसती शंखजिऱ्याची भुकटी. ट्रायकोडर्मा विरिडी एक टक्का भुकटीत एका ग्रॅममध्ये किमान वीस लाख जिवंत बीजाणू असावे लागतात. पुडीवर ती संख्या, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख आणि कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक बघा. यातलं एक जरी नसलं तर परत करा.

घरी एक ढोबळ परीक्षाही होते. दोन स्वच्छ वाट्यांत थोडा शिजवून गार केलेला भात घ्या. एकीत चिमूटभर पावडर मिसळा, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही झाकून सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत पहिलीत आधी पांढरी, मग गर्द हिरवी वाढ आली आणि दुसरीत तशी आली नाही, तर माल जिवंत आहे. जोर किती आहे ते यातून कळत नाही, पण मेलेला माल मात्र पकडता येतो.

चौथा प्रश्न, सोडलं कसं? कोरड्या रानात, पंपाने, दुपारी. आणि पंपात आदल्या दिवशीच्या बुरशीनाशकाचा वास होता. आता काय बोलायचं!

मग करायचं कसं? त्याच दोन एकरांचा हिशोब मांडतो. एकरी ३० किलो धरून ६० किलो बियाणं. प्रक्रिया न केलेलं असेल तर किलोला ५ ग्रॅम, म्हणजे ३०० ग्रॅम ट्रायकोडर्मा. थोड्या गुळाच्या पाण्याने बियाणं ओलसर करून चोळायचं, सावलीत सुकवायचं. रायझोबियम शेवटी लावायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. उरलेलं काम जमिनीचं. पेरणीच्या दोन आठवडे आधी २०० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात ४ किलो ट्रायकोडर्मा मिसळायचा, पाणी शिंपडायचं, गोणपाटाने झाकून झाडाखाली ठेवायचं आणि तीन-चार दिवसांनी हलवायचं. ताजं शेण घेऊ नका, ते तापतं आणि सगळं मरतं. ढिगावर पांढरट-हिरवी वाढ दिसली की पेरणीच्या वेळी वाफसा असलेल्या मातीत मिसळायचं. शेणखत हे त्या बुरशीचं जेवण आहे. उपाशी सैन्य लढत नाही.

आणि हेही सांगतो, नाहीतर मीही दुकानदारासारखाच ठरेन. ज्या रानात वर्षानुवर्षं मर आहे, तिथे मरीला बळी पडणारा वाण पेरून वर ट्रायकोडर्मा टाकला तर तो हरणारच. आधी विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ यांसारखा प्रतिकारक वाण, फार लवकर, तापलेल्या जमिनीत पेरणी नको, मग हे मित्र. शिवाय सुकलेलं प्रत्येक झाड मरीचंच नसतं. झाड मुळासकट उपटून खोडाचा खालचा भाग उभा चिरा. आत काळपट-तपकिरी रेघ दिसली तर मर. मूळ कोरडं, ठिसूळ, उपटताना तुटणारं आणि बारीक मुळं गळालेली असतील तर ती कोरडी मूळकूज. ती फुलोऱ्यानंतर, पाण्याचा ताण आणि उष्णता वाढली की येते.

आता मुद्दा. शेतकरी चुकला, हे खरं. पण त्याला शिकवायचं काम कुणाचं होतं? डिसेंबरात पुड्या वाटून फोटो काढणाऱ्यांना मी तीन गोष्टी मागतो. हरभऱ्यासाठीचा ट्रायकोडर्मा सप्टेंबरअखेर गावात पोचला पाहिजे. वाटण्याआधी प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत तपासून जिवंत बीजाणूंचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. आणि पुडीवर मराठीत, मोठ्या अक्षरात, एक ओळ हवी: कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्याला चोळू नका.

हे होत नाही तोवर "जैविक" या शब्दावर खर्च झालेला पैसा मातीत जात नाही, फाइलीत जातो. आणि थोतांड ठरते ती बिचारी बुरशी.

तुमच्या गावात पुड्या कधी आल्या, पेरणी कधी झाली, दोन्ही तारखा खाली लिहा. पुडीवरच्या तारखेचा फोटो असेल तर तोही टाका. बातमी त्याचीच करू.