अर्जातली ‘सर्व विषयां’ची यादी

भाषासेवा देणाऱ्या संस्थेकडे अर्ज करणाऱ्या नवोदित अनुवादकांना एक सल्ला छातीठोकपणे दिला जातो. वैद्यकीय, कायदा, बँकिंग, यंत्रसामग्री, जाहिरात, सगळं लिहून टाका. एक विषय वगळलात तर तेवढं काम हातचं गेलं. अचूकतेसाठी ‘शंभर टक्के अचूक’ एवढी ओळ पुरे, कारण संस्था शेवटी शब्दामागचा दरच पाहते.

दर पाहिला जातो, हे खरं. पण चाचणी-उताऱ्यातच जो अडखळला त्याला दर विचारणार कोण?

‘वैद्यकीय’ हा शब्द मुळात काहीच सांगत नाही. औषधचाचणीचं संमतीपत्र घ्या. त्यात ‘ॲडव्हर्स इव्हेंट’ २४ तासांत कळवा, असं वाक्य असू शकतं. सर्वविषयतज्ज्ञ तिथे ‘दुष्परिणाम’ लिहून मोकळा होतो. ‘इव्हेंट’ म्हणजे चाचणीच्या काळात तब्येतीत झालेला कोणताही बिघाड, औषधामुळे झालेला असो वा नसो. ‘दुष्परिणाम’ म्हटलं की कारण ठरवूनच टाकलं. स्कूटरवरून पडून पाय मोडलेला माणूस ते वाचून म्हणणार, याचा गोळीशी काय संबंध, आणि गप्प बसणार. तो चक्कर येऊन पडला असेल, ती चक्कर गोळीचीच असेल, तर तेच कळायला हवं होतं.

ही चूक संगणकाच्या तपासणीत सापडत नाही. २४ जागेवर आहे, शुद्धलेखन ठीक आहे, एकही वाक्य सुटलेलं नाही. उलट अनुवाद, म्हणजे मराठीवरून दुसऱ्याने पुन्हा केलेलं इंग्रजी, ही चूक पकडू शकतो. पण त्यालाही मर्यादा आहे: ‘प्रतिकूल घटना’ हा शब्द इंग्रजीत सुरेख परततो, आणि तरीही ज्याची सही घ्यायची त्या रुग्णाला मराठीत काही उमगत नाही.

आणि ‘शंभर टक्के’? स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही, म्हणूनच २०१५च्या आयएसओ १७१०० मानकात दुसऱ्या व्यक्तीने मूळ मजकुराशी ताडून तपासणं बंधनकारक आहे.

मग अर्जात काय असावं? एकच क्षेत्र, त्यातले कागदांचे प्रकार, साधारण शब्दसंख्या. त्याखाली तपासणीचा खरा क्रम: आकडे, मात्रा आणि एकके वेगळ्या फेरीत ताडणं, संज्ञासूचीशी मेळ, मग मूळ बाजूला ठेवून नुसती मराठी मोठ्याने वाचणं. जुन्या ग्राहकाचे कागद जोडू नयेत, तो गोपनीयतेचा भंग ठरतो. सर्वांना खुला असलेला एखादा उतारा स्वतः अनुवादून द्यावा.

त्यासोबत दोन-तीन निवडींची टीप. जसं: ‘प्रतिकूल घटना (तब्येतीतला कोणताही बिघाड, औषधामुळे असो वा नसो). दुष्परिणाम टाळला, कारण त्यात कारण गृहीत धरलं जातं.’ अर्ज चाळणाऱ्या तपासनिसाला ही टीप वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही.