विश्लेषण : शिर्डी-शिंगणापूरची टॅक्सी ठरवताना भाडे नेमके कुठे वाढते?

नाशिकच्या २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी येणारे भाविक शिर्डी आणि शनिशिंगणापूरलाही जाणार, हे गृहीत धरूनच अहिल्यानगर जिल्ह्यात तयारी सुरू आहे. यातले बहुतेक जण परक्या गावातून आलेले असतात आणि टॅक्सीवाल्याशी त्यांचा पहिला व्यवहार काकडीच्या विमानतळाबाहेर किंवा साईनगर शिर्डी स्थानकासमोर होतो. इथली बरीच भांडणे दराची नसतातच. तो दर किती किलोमीटरला लावायचा, यावरून ती होतात.

‘किलोमीटरला १४ रुपये’ म्हणजे किती?

शिर्डीहून राहाता, कोल्हार, राहुरी, सोनई असे शिंगणापूरला जाऊन परत यायचे तर अंदाजे १५० किलोमीटर होतात. समजा, दर १४ रुपये सांगितला. प्रवासी मनातल्या मनात २,१०० रुपये धरतो. पण बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरण्याची पद्धत आहे. गाडी कमी धावली तरी पैसे तेवढ्याचे. २५० धरले तर ३,५०० रुपये, त्यावर चालकाचा भत्ता ३०० धरू, म्हणजे ३,८००. टोल आणि पार्किंग वेगळे. इथे चालकाने खोटे काहीच सांगितलेले नसते, फक्त ‘किमान’ हा शब्द उच्चारलेला नसतो.

हीच सहल ‘८ तास, ८० किलोमीटर’ या पॅकेजवर स्वस्त पडू शकते. समजा, पॅकेज २,००० रुपयांचे आहे. वरच्या ७० किलोमीटरचे १४ रुपयांप्रमाणे ९८० झाले, एकूण २,९८०. मात्र दर्शनाच्या रांगेत वेळ गेला की तासाचे जादा पैसे लागतात, म्हणून जादा तासाचा दरही आधीच विचारावा लागतो. (आकडे उदाहरणादाखल आहेत, हिशेबाची रीत खरी.)

किलोमीटर कुठून मोजायचे, हा दुसरा प्रश्न. काही जण गाडी मालकाच्या दारातून निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंतचे अंतर धरतात. शिर्डी परिसरातल्या गाड्यांचा क्रमांक बहुधा एमएच १७ ने, म्हणजे श्रीरामपूर कार्यालयाच्या मालिकेने सुरू होतो. समोर एमएच १५ ची, नाशिकची गाडी असेल तर ‘मीटर शिर्डीपासून की नाशिकपासून?’ हे विचारलेच पाहिजे. बसताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढला आणि ठरलेले सगळे चालकाला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवले, की परतल्यावर वाद उरत नाही. टोलसाठी पैसे मागितले तर फास्टॅगमधून रक्कम कापल्याचा संदेश दाखवायला सांगावा.

गाडी भाड्याचीच आहे का?

भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. विजेवरच्या टॅक्सीची पाटी हिरवी, अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी. ती शे-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळते खरी, पण पैसे घेऊन प्रवासी नेताना अपघात झाला तर खासगी गाडीची विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते. तो धोका प्रवाशाच्या माथी येतो. mParivahan या अॅपवर क्रमांक टाकला की वाहनाचा वर्ग, विमा आणि फिटनेसची मुदत दिसते. दोन मिनिटांचे काम आहे.

अॅप किंवा प्रीपेड घेतले तर?

अॅपवर गाडी ठरली, आणि चालक फोन करून म्हणाला, ‘बुकिंग रद्द करा, रोख द्या, कमी घेतो.’ हा सौदा टाळावा. बुकिंग रद्द होताच प्रवासाची नोंद, ओटीपी, घरच्यांना पाठवलेली लाइव्ह लिंक आणि तक्रारीचा आधार, सगळेच संपते. गर्दीच्या वेळी भाडे वाढते. त्यावर राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली आहे. गुरुवारी किंवा सुट्टीत दुपटीचा आकडा दिसला तर स्क्रीनशॉट ठेवावा.

प्रीपेड काउंटरवर पावतीवरचा गाडीचा क्रमांक आणि समोरच्या गाडीचा क्रमांक जुळवून मगच बसावे. चालकाच्या हिश्शाची पावती मुक्कामी उतरल्यावर द्यायची. ती आधीच हातात दिली तर अर्ध्या वाटेत ‘इथपर्यंतच’ म्हणणाऱ्यापुढे प्रवाशाकडे काही उरत नाही.

‘पॉलिशवाले’ आणि ‘लटकू’

भाडे अगदीच कमी सांगितले तर फरक कुठून भरून निघणार, याचा विचार करावा. शिर्डीत भाविकांना गाठून ठरावीक दुकानात नेणाऱ्यांना ‘पॉलिशवाले’ म्हणतात, तर शिंगणापूरच्या रस्त्यावर गाड्या अडवून पूजासाहित्याच्या दुकानाकडे वळवणाऱ्यांना ‘लटकू’. तिथे तेलाचे आणि पूजेच्या ताटाचे जे बिल होते, त्यात गाडी आणणाऱ्याचे कमिशन असू शकते. ‘गाडी थेट देवस्थानच्या पार्किंगमध्ये, मध्ये दुकान नाही’ ही अट भाडे ठरवतानाच घालावी. रस्त्यात कोणी गाडी अडवली तर काच खाली करू नये. चालक स्वतःच वाट सोडून दुकानाशी थांबला आणि ऐकेना, तर ११२ वर फोन करून गाडीचा क्रमांक आणि जवळच्या गावाचे नाव सांगावे. पैशांची तक्रार परिवहन कार्यालयाकडे नंतरही करता येते. त्यासाठी पावती, मीटरचा फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचा संदेश जपून ठेवावा.