कागद एक, भरायचा दोघांनी

आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या रुग्णाकडून ‘मी तसे काही करणार नाही’ असे लिहून घेण्याची रीत मानसोपचारात दीर्घकाळ होती. त्या वचनाने डॉक्टर निश्चिंत झाले. रुग्ण वाचतो असा पुरावा मात्र मिळाला नाही. काय करायचे नाही एवढेच त्यात होते. ती घडी आली असता काय करायचे, हे नव्हते. ही उणीव ओळखून बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ‘सुरक्षा आराखडा’ सिद्ध केला.

त्यात सहा पायऱ्या आहेत: संकटाची चाहूल देणाऱ्या खुणा, एकट्याने करण्याचे उपाय, मन अन्यत्र रमेल अशी माणसे व जागा, मदत मागता येईल असे आप्त, डॉक्टर व दूरध्वनी सेवा आणि घातक साधने दूर करणे. आत्मघाताची तीव्र ऊर्मी बहुधा चढते आणि ओसरते. मधला काळ निभावणे हा या कागदाचा हेतू. ज्याला तेवढेही थांबणे अशक्य आहे, त्याला रुग्णालयातच ठेवले पाहिजे.

यवतमाळकडील एखादा कापूस उत्पादक शेतकरी कल्पू. खुणांच्या रकान्यात ‘नैराश्य’ लिहिणे व्यर्थ. ‘रात्री दोनला जाग येते, कर्जाचा हिशेब डोक्यात फिरतो’ हे त्याचे शब्द तेथे हवेत. ‘मन रमवायला पारावर जाईन’ असे तो म्हणाला, तर विचारावे: त्या वेळी खरोखर जाल? आड काय येईल? पार तेव्हा ओस असतो, हे त्याच्याच ध्यानात येते आणि त्या जागी थोरल्या भावाला उठवण्याचे ठरते. घरातले कीटकनाशक त्याच दिवशी भावाच्या कुलपात जावे, हेही भावाला समोर बसवून ठरवायचे. पाचव्या रकान्यात ‘टेली-मानस’चा १४४१६ हा अहोरात्र चालणारा विनामूल्य क्रमांक येईल. निव्वळ उपचार म्हणून भरलेला कागद चटकन ओळखू येतो: ‘सकारात्मक विचार करणे’, ‘कुटुंबाशी बोलणे’. कुटुंबातील कोणाशी, याचा पत्ता नसतो.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १,६४० रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आराखडा मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के, तर इतरांपैकी ५ टक्क्यांहून थोडे अधिक रुग्ण सहा महिन्यांत आत्मघाती वर्तनाकडे वळले. मात्र रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. शिवाय पहिल्या गटाला नंतर दूरध्वनीही केले जात. तेव्हा सारे श्रेय कागदाला देता येणार नाही.

आपल्याकडे छापील नमुना स्वस्तात मिळेल. असा आराखडा नीट भरण्यास अर्धापाऊण तास लागतो आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, अर्थशास्त्राच्या भाषेत, वेळ हाच दुर्मीळ घटक. हे काम प्रशिक्षित परिचारिका वा समाजसेवकही करू शकतात. पण त्यांच्या दिवसातला तो पाऊण तास आणि पुढच्या आठवड्यातला तो दूरध्वनी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात धरावा लागेल.