डबिंगचा भाव शब्दांवर लावू नका!

इंग्रजी माहितीपट मराठीत करून द्यायचं काम घ्यायचंय, शब्दाला किती भाव सांगू, असं तुम्ही विचारता. माझं मत सरळ आहे. शब्दाला भाव सांगूच नका. का, ते एका वाक्यावरून बघू.

पट्टकदंब पक्ष्यांवरची फिल्म आहे असं समजा. निवेदक म्हणतो, "एव्हरी विंटर, दीज बर्ड्‌स क्रॉस द हिमालयाज टु रीच द वॉर्म लेक्स ऑफ इंडिया." वेळ पाच सेकंद. आधी बर्फाळ शिखरं दिसतात आणि 'लेक्स' म्हणताना पडद्यावर तळं येतं.

सरळ भाषांतर असं होईल: "दरवर्षी हिवाळ्यामध्ये हे पक्षी भारतातल्या उबदार तलावांपर्यंत पोहोचण्यासाठी हिमालय पर्वत ओलांडून जातात." व्याकरणात चूक नाही. पण आता दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणा आणि प्रत्येक उच्चाराला टेबलावर बोटाचा एक ठोका द्या. लिहिलेली अक्षरं मोजू नका. 'दर' लिहिताना दोन अक्षरं आहेत, बोलताना ठोका एकच. इंग्रजीत २१ ठोके येतात, मराठीत ३८ च्या आसपास. पाच सेकंदांत ३८ ठोके बोलायचे तर सेकंदाला साडेसात पडले. निवेदन राहत नाही, रेल्वे स्टेशनवरची घाईची घोषणा होते!

शिवाय दुसरा घोटाळा बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'तलाव' आधी आला आणि 'हिमालय' नंतर. पडद्यावर शिखरं, कानात तलाव. हा दोष घाईनं बोलून जात नाही. वाक्यच नव्यानं बांधावं लागतं.

आता हे म्हणून बघा: "दर हिवाळ्यात हे पक्षी हिमालय ओलांडून भारतातल्या तळ्यांवर येतात." ठोके २१-२२. हिमालय आधी, तळी नंतर, चित्र आणि आवाज एकत्र. 'उबदार' गेलं, पण हिवाळ्यात डोंगर ओलांडून येतात म्हटल्यावर ऊब शोधतात हे कळतंच. 'पर्वत' आणि 'पोहोचण्यासाठी' गेल्यानं काहीच बिघडलं नाही.

आणि आता हिशोब बघा. पहिल्या वाक्यात १२ शब्द, दुसऱ्यात ९. शब्दावर भाव लावलात तर वाईट वाक्याला जास्त पैसे, आणि डोकं खर्च करून केलेल्या चांगल्या वाक्याला कमी! म्हणून भाव फिल्मच्या मिनिटावर सांगा.

'पण ओठांचं काय?' असं तुम्ही म्हणाल. निवेदक पडद्यावर दिसत नसेल तर ओठांचा प्रश्नच नाही. वेळ आणि चित्र सांभाळा, बस. मध्येच एखादा शास्त्रज्ञ कॅमेऱ्यासमोर बोलतो, तिथे बहुतेक माहितीपटांत मूळ आवाज क्षणभर ऐकू देतात, मग तो हळू करून वर मराठी आवाज ठेवतात. तिथेही ओठ जुळवायची गरज नसते.

गिऱ्हाईकाला ओठ जुळलेलेच हवे असतील, तर मात्र ते वेगळं काम आहे. तिथे तोंड कधी उघडतं, कधी थांबतं आणि ओठ कधी मिटतात, हे तीन बघा. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. शास्त्रज्ञ म्हणतो, "बट द प्रॉब्लेम इज वॉटर." तुम्ही लिहिलंत "अडचण मात्र पाण्याची आहे", तर त्याचे ओठ पहिल्याच उच्चाराला मिटलेले आणि आपला 'अ' उघडा. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकेल. "पण प्रश्न पाण्याचा आहे" लिहा. 'बट'वर 'पण', 'प्रॉब्लेम'च्या सुरुवातीला 'प्रश्न', आणि त्याच्या शेवटच्या 'म'च्या आसपास 'पाण्याचा'मधला 'पा'. ठोके सातच्या जागी आठ, पण 'पाण्याचाय' असं बोलीत म्हटलं की सहा. चेहरा जवळून दिसत असेल तेव्हाच इतकी मेहनत करा. लांबून दिसणाऱ्या माणसासाठी सुरुवात आणि शेवट जुळला तरी पुरतो.

म्हणून कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा: निवेदनाची मिनिटं, मूळ आवाजावर मराठी ठेवायची मिनिटं, आणि ओठ जुळवायची मिनिटं. तिसऱ्याचा भाव सर्वांत जास्त. फिल्म आधी एकदा पूर्ण बघून मिनिटं मोजा, मगच आकडा सांगा.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी स्क्रिप्ट चित्रासमोर स्वतः वाचा. श्वास घ्यायला जागा सापडत नसेल तर वाक्य लांब आहे. ते घरी कापलंत तर फुकट पडतं. स्टुडिओत कापायला बसलात तर तासाचं भाडं आणि आवाज देणाऱ्याचं मानधन तुमच्याच खिशातून जातं.