सिस्टरचा राजीनामा

नर्सिंगच्या पुढील शिक्षणाच्या प्रवेशयाद्या लागल्या की लहान रुग्णालयांत राजीनामे येऊ लागतात. शिरपुरात एक छोटेखानी सूतिकागृह चालवीत असल्याने असे बरेच राजीनामे माझ्या हाताखालून गेले आहेत. पूर्वी ते कागदावर येत, आता ई-मेलने येतात. बहुतेकांत 'आपण दिलेल्या संधीबद्दल मी आजन्म ऋणी राहीन' हे वाक्य असते आणि शेवटच्या दिवसाची तारीख मात्र नसते! माझे मत उलटे आहे. ऋणाचे वाक्य नसले तरी चालेल, पण तारीख हवी. रुग्णालय आणि सिस्टर यांचे संबंध गोड शब्दांनी टिकत नाहीत. त्या निघून गेल्यावर पहिल्या रात्री प्रसूतिकक्षात काय घडते, यावर ते टिकतात.

मध्यंतरी आमच्याकडील एका बी.एस्सी. सिस्टरना नाशिकला एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. या अभ्यासक्रमाला भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार बी.एस्सी.मध्ये किमान 55 टक्के गुण, परिचारिका व सुईण म्हणून नोंदणी आणि पदवीनंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे अनुभवाचा दाखला राजीनाम्याच्या आधीच, प्रवेशाची कागदपत्रे जमवताना मागावा लागतो. खरी अडचण येथेच सुरू होते. दाखला मागितला की बेत उघड होतो आणि बेत उघड झाला की रात्रपाळ्या वाढतील, या धास्तीने मुली गप्प बसतात. यादी लागली की चार दिवसांत निघून जातात. याचा दोष मी एकट्या मुलींना देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला किमान वीस हजार रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली. ती कोठे कितपत पाळली जाते, हे आम्ही मालक मंडळींनी आपल्या मनाला विचारावे.

या सिस्टरनी मात्र परीक्षेचा अर्ज भरतानाच मेट्रन मॅडमच्या कानावर घातले होते. त्यामुळे आम्ही एका नव्या मुलीला तीन महिने त्यांच्या हाताखाली ठेवू शकलो. तरीही महाविद्यालयाने हजर होण्यास थोडेच दिवस दिले आणि नेमणूकपत्रात तर तीस दिवसांची सूचना लिहिलेली. त्यांनी पाठविलेला ई-मेल त्यांच्या परवानगीने, नावे गाळून येथे देतो. विषयाच्या जागी 'राजीनामा : स्टाफ नर्स, प्रसूती विभाग, शेवटचा दिवस 20 सप्टेंबर' असे लिहिले होते.

'आदरणीय सर व मेट्रन मॅडम,

मला एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला असून 22 सप्टेंबरला महाविद्यालयात हजर व्हायचे आहे. म्हणून मी आज, 12 सप्टेंबर रोजी, राजीनामा देत आहे. 20 सप्टेंबर हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील.

सूचनेचे तीस दिवस पूर्ण होत नाहीत, याची मला जाणीव आहे. उद्यापासून आठ दिवस मी काम करीन. शिल्लक बारा दिवसांची रजा सूचनेत धरावी आणि उरलेल्या दहा दिवसांचे वेतन कापून घ्यावे, ही विनंती. आपला निर्णय कृपया लेखी कळवावा.

फ्रीजमधील औषधे, इमर्जन्सी ट्रे आणि दिवस भरत आलेल्या जोखमीच्या बायकांची यादी मी नव्या सिस्टरना दोन रात्री सोबत राहून सोपवीन. अनुभवाचा अंतिम दाखला व कार्यमुक्तीचे पत्र मिळावे.

अडलेल्या बाळंतिणीजवळ आवाज न चढवता कसे बोलावे, हे मी मॅडमकडून शिकले. पुढेही काही विचारायचे असल्यास माझ्या या खासगी पत्त्यावर लिहावे.'

पत्रात एकही तक्रार नाही. तक्रारी नव्हत्या असे नव्हे. ड्यूटीच्या तक्त्याबद्दल त्या माझ्याशी समोर बसून चांगल्या अर्धा तास बोलल्या. ती जागा तीच होती. राजीनाम्याचा कागद वर्षानुवर्षे फायलीत राहतो, त्यात राग लिहून ठेवू नये. सूचनेच्या दिवसांचा हिशेबही त्यांनी स्वतःच मांडला. आठ, बारा आणि दहा मिळून तीस झाले, तेव्हा आम्हाला वाद घालायला जागाच उरली नाही.

आता 'दोन रात्री सोबत राहून' हे कशासाठी, ते सांगतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन लागते आणि बहुतेक कंपन्यांचे ते इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. आपल्याकडचा उन्हाळा आणि जाणारी वीज वाचकांना ठाऊकच आहे. उष्ण जागी राहिलेल्या कुपीचा दम हळूहळू जातो, पण पाणी गढूळ होत नाही की रंग बदलत नाही. पाहून काहीच कळत नाही. इंजेक्शन देऊनही गर्भाशय आकसत नाही आणि दोष बाईच्या प्रकृतीला दिला जातो. ओळखण्याचा उपाय एकच : फ्रीजमधील तापमापकाची सकाळ-संध्याकाळ नोंद. नवी मुलगी हाताशी असाव्यात म्हणून कुप्या संध्याकाळीच ट्रेमध्ये काढून ठेवते. जुनी सिस्टर त्या गरजेपुरत्याच बाहेर काढते. आमच्या फ्रीजचे दार नीट लागत नाही, ते गुडघ्याने दाबावे लागते, हेही त्यांनाच ठाऊक होते! असल्या गोष्टी कोणत्याही वहीत लिहिलेल्या नसतात.

जोखमीच्या बायकांच्या यादीचेही तसेच. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या एखाद्या पावरा बाईला सिकलसेलचा आजार असेल, तर तिची रक्ताची सोय आधी पाहावी लागते. धुळे येथून सुमारे पन्नास किलोमीटर. कोणत्या बाईला वेळेआधीच तिकडे पाठवायचे आणि गाडीसाठी घरातल्या कोणाला फोन करायचा, हे सोपविल्याशिवाय निघून जाणे म्हणजे त्या बाईला वाऱ्यावर सोडणे होय.

रुग्णालयाची बाजूही तितकीच कामाची आहे. आम्ही दुसऱ्याच दिवशी राजीनामा स्वीकारल्याचे कळविले. दहा दिवसांचे वेतन कापले नाही, कारण बदली माणूस तयार होता. तसे नसते तर कापले असते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवतात, ते मला मुळीच मान्य नाही. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद दाखवावे लागतात, त्यामुळे मुलीचे अख्खे वर्ष बुडू शकते. आणि दाखला 'सुमारे दोन वर्षे काम केले, वर्तणूक चांगली' असा मोघम देऊ नये. रुजू व कार्यमुक्त झाल्याच्या तारखा, पद, विभाग, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक, रुग्णालयाच्या खाटा, सही आणि शिक्का एवढे त्यात हवे. तारखांविना एक वर्षाचा अनुभव मोजायचा कसा?

एक बारकावा राहिला. रुग्णालयाने दिलेला ई-मेल पत्ता नोकरी संपताच बंद होतो. म्हणून राजीनामा स्वतःच्या पत्त्यावरून पाठवावा आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. आमच्या सिस्टरनी तसेच केले होते. ऑक्टोबरात नव्या मुलीला इमर्जन्सी ट्रेमधली एक नोंद लागेना, तेव्हा तिने त्याच पत्त्यावर विचारले आणि त्या रात्रीच उत्तर आले : 'दुसऱ्या खणात, हिरव्या वहीत, मागच्या पानापासून सुरुवात आहे.'