ट्रक ‘इन मोशन’: डेमो व्हिडिओच्या कॅप्शनमधला एक शब्द

स्टार्टअपचा अर्ध्या मिनिटाचा डेमो आपण कसा बघतो? आवाज बंद, अंगठा स्क्रीनवर, आणि नजर आधी कॅप्शनवर. पुढे काय दिसणार ते कॅप्शन सांगतं आणि डोळे तेच शोधतात. त्यामुळे मी व्हिडिओपेक्षा कॅप्शनमधलं क्रियापद आधी तपासतो.

अमेरिकेतल्या निकोला या इलेक्ट्रिक ट्रकच्या स्टार्टअपचं उदाहरण घ्या. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी छोटा व्हिडिओ टाकला: मोकळ्या रस्त्यावरून झोकात जाणारा ‘निकोला वन’ ट्रक. सोबतच्या मजकुरात शब्द होते ‘इन मोशन’, म्हणजे गतिमान. बघणाऱ्यांना वाटलं, ट्रक चालतोय.

सप्टेंबर २०२० मध्ये हिंडेनबर्ग रिसर्चने अहवाल काढला (हो, अदानींवर अहवाल काढणारी तीच). ट्रक यूटामधल्या एका उतारावर ओढत नेऊन सोडून दिला होता, असं त्यात होतं. चढ फक्त ३ टक्के, म्हणजे १०० मीटरला ३ मीटर. एवढ्याशा उतारावर ट्रक पळेल? हिंडेनबर्गच्या लोकांनी त्याच रस्त्यावर साधी गाडी न्यूट्रलमध्ये सोडून बघितली, तर ती सुमारे ९० किमी वेगाला पोचली. जड वाहन सुटलं की घर्षण फारसं अडवत नाही, आणि एवढा कमी उतार कॅमेऱ्यात सपाटच वाटतो.

कंपनीचं उत्तर वाचण्यासारखं होतं. ट्रक स्वतःच्या ताकदीवर चालतोय असं आम्ही म्हटलंच नव्हतं, ‘इन मोशन’ म्हटलं होतं! शब्दशः खरं. पण ट्रक विकणाऱ्या कंपनीचा ट्रक हलताना दिसला की इंजिन चालू असणार हे कोणीही गृहीत धरतं, आणि कॅप्शनने नेमकी तीच जागा मोकळी ठेवली. संस्थापक ट्रेव्हर मिल्टन २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरले. त्या खटल्यात हा व्हिडिओही होता. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. कंपनीने त्याआधीच, फेब्रुवारीत, दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

डेमोत काटछाट करणं गैर नाही. लोडिंगची वीस सेकंदं कोण बघणार? फक्त ती कापली हे कॅप्शनमध्ये यायला हवं. समजा, वीजबिलाचा फोटो वाचणाऱ्या ॲपचा डेमो आहे. ‘सेकंदात बिल समजून घ्या’ याने काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘३० सेकंदांत बघा: बिलाचा फोटो, मग युनिट आणि रक्कम वेगळी. वाट बघण्याचा वेळ कापलाय. छापील बिलावरच चालतं, चुरगळलेल्यावर अजून चुकतं.’

कॅप्शन थोडं लांबलं खरं. पण निकोलाच्या कॅप्शनमध्येही ‘उतारावरून’ हा एकच शब्द कमी होता.