बाबांच्या फाइलीत मी नव्हतोच

ऑक्टोबर २०२४मध्ये आई-बाबांचा कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला. टोरांटोजवळ राहणाऱ्या ताईला पहिलं बाळ होणार होतं आणि नेरुळच्या आमच्या घरात मेथीचे लाडू डब्यात भरून तयार होते. पत्रात दोन कारणं होती. एक, तुमची आर्थिक स्थिती. दोन, तुमचे कॅनडातले आणि मायदेशातले कौटुंबिक संबंध. मुक्काम संपल्यावर तुम्ही परत जाल याची अधिकाऱ्याला खात्री वाटत नाही, एवढंच. तेहतीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले बाबा ते पत्र वाचून म्हणाले, "म्हणजे आपण भिकारी, आणि वर लबाड."

वाशीतला एजंट मात्र निवांत होता. "लगेच परत टाकू. खात्यात अजून पाच लाख दाखवा." पंचवीस हजार फी पुन्हा वेगळी.

माझं भांडण या 'परत टाकू'शी आहे. का नाकारलं हे एजंट विचारत नाही, कारण त्याची फी अर्जामागे असते, उत्तरामागे नसते. आणि आपणही विचारत नाही. व्हिसा म्हणजे लॉटरी, नाही लागला तर दुसरं तिकीट, अशी आपली समजूत. माझ्या ऑफिसात कुणी लॉग न वाचता सर्व्हर तिसऱ्यांदा रीस्टार्ट केला, तर त्याला सगळ्यांसमोर झापतील. पण पासपोर्ट हातात आला की आपण इंजिनिअर सगळे तेच करतो.

लॉग असतो. कॅनडाचं इमिग्रेशन खातं सगळे अर्ज जीसीएमएस नावाच्या यंत्रणेत ठेवतं. अधिकाऱ्यानं निर्णय घेताना लिहिलेल्या चार-सहा ओळीही त्यातच असतात. पत्रातली वाक्यं ठरावीक साच्यातून येतात. तुमच्याबद्दलचं जे काही आहे ते या ओळींत असतं. पूर्वी बाहेरच्या माणसाला ही फाइल मिळवायची तर कॅनडात राहणारं कुणीतरी शोधून माहितीच्या अधिकाराचा अर्ज त्याच्यामार्फत, पाच डॉलर भरून करावा लागे. १४ जुलै २०२२पासून तिथल्या प्रायव्हसी कायद्यानं स्वतःची माहिती मागायचा हक्क कॅनडाबाहेरच्या परदेशी माणसालाही दिला. फी शून्य. तरीही 'जीसीएमएस नोट्स काढून देतो' म्हणून हजारो रुपये घेणारी दुकानं चालू आहेत, ती या एका गोष्टीच्या अज्ञानावर.

मी बाबांना शेजारी बसवून त्यांच्याच नावानं ऑनलाइन अर्ज भरला. पासपोर्टची प्रत, पत्रावरचा यूसीआय नंबर आणि V पासून सुरू होणारा अर्ज क्रमांक लागला. काय हवं आहे त्या चौकटीत हे लिहिलं:

```
All GCMS notes, including officer decision notes,
and copies of all forms and documents submitted,
for application V3XXXXXXXX
```

मधली ओळ महत्त्वाची. बहुतेक लोक फक्त नोट्स मागतात. आमचा अर्ज एजंटनं त्याच्या अकाउंटमधून भरला होता आणि आम्हाला प्रत दिलीच नव्हती. आपल्या नावानं काय पाठवलं गेलं हे आम्हालाच माहीत नव्हतं.

कायद्यानं उत्तराची मुदत तीस दिवस, ती आणखी तीस दिवस वाढवता येते. कॅनडाबाहेर घेतलेल्या निर्णयाला फेडरल कोर्टात आव्हान द्यायचं तर मुदत साठ दिवसांची. कोर्टाचं घड्याळ निर्णय कळताच चालू होतं, फाइलीचं मात्र तुम्ही ती मागितल्यावरच, म्हणून फाइल मागायची ती पत्र आलं त्याच आठवड्यात. 'दिवाळी होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्याच्या हातात फाइल येते तेव्हा कोर्टाचं दार बंद झालेलं असतं.

आम्हाला पाच आठवड्यांनी पीडीएफ मिळाली. काही पट्ट्या झाकलेल्या होत्या. नोंदीचा मथितार्थ असा: खात्यात अलीकडे मोठी रक्कम एकदम जमा झालेली दिसते, तिचा स्रोत सांगितलेला नाही, अर्जदारांचं एकमेव अपत्य कॅनडात आहे, मायदेशी परत खेचून आणेल असं विशेष काही दिसत नाही.

एकमेव अपत्य?

कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म उघडला. मुलांच्या रकान्यात फक्त ताई. मी, आई-बाबांबरोबर एकाच घरात राहणारा, विजेचं बिल भरणारा मुलगा, त्या फॉर्ममध्ये जन्मलोच नव्हतो. 'कॅनडाला जाणाऱ्यांशी संबंधित तेवढेच लिहितो आम्ही,' हे एजंटचं नंतरचं स्पष्टीकरण. ती मोठी रक्कम म्हणजे बाबांची मोडलेली एफडी होती. तिची पावती कपाटात होती, अर्जात नव्हती.

आता 'अजून पाच लाख दाखवा' हा सल्ला पुन्हा वाचा. ज्या गोष्टीवर संशय घेतला गेला, तीच गोष्ट आम्ही दुप्पट करून पाठवणार होतो. आणि दुसऱ्या अर्जात मुलगा अचानक उगवला असता, तर? खोटी किंवा अपुरी माहिती दिल्याचा ठपका बसला, तर तिथल्या कायद्याच्या कलम ४०नुसार पाच वर्षं प्रवेशबंदी. खाली सही बाबांची. एजंटचं नाव अर्जात कुठेच नव्हतं.

आम्ही कोर्टात गेलो नाही. अधिकाऱ्यासमोर जे होतं त्यावरून मीही कदाचित तेच लिहिलं असतं. हेही फाइल वाचल्यामुळेच कळलं.

फाइलीत सगळं सापडतं असं नाही. कॅनडाचे अधिकारी २०१८पासून चिनूक नावाचं, एक्सेलवर उभं केलेलं साधन वापरतात. २०२२च्या ओक्रान खटल्यातून त्याची चर्चा झाली. त्यातल्या कामचलाऊ नोंदी जपून ठेवत नाहीत. जीसीएमएसमध्ये चिकटवलेला मजकूर तेवढा उरतो. अर्ज सुरक्षा तपासणीत अडकला असेल तर अनेकदा तो भागच झाकून येतो. अमेरिकेत तर वाटच अरुंद, कारण तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २२२(एफ)नं व्हिसाच्या नोंदी गोपनीय ठरवल्या आहेत.

जुलै २०२५पासून कॅनडानं काही प्रकारच्या नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याच्या नोंदी आपणहून जोडायला सुरुवात केली. चांगलं केलं, आणि हे आधीच करायला हवं होतं. पण त्या नोंदीत आम्हाला 'एकमेव अपत्य' एवढंच दिसलं असतं. ते कुणी लिहिलं, हे भरलेल्या फॉर्मची प्रत मागितल्याशिवाय कळलं नसतं.

एक मित्र म्हणाला, "व्हिसा हा त्यांचा अधिकार आहे, ते उत्तर द्यायला बांधील नाहीत." व्हिसाबद्दल मान्य. पण बाबांबद्दल लिहिलेली ओळ बाबांची आहे, आणि ती मागायचा हक्क त्यांच्याच संसदेच्या कायद्यानं दिला आहे. मग मित्रानं विचारलं, "आपण देतो का असं?" इथे माझी बोलती बंद झाली. आपल्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ३ हा हक्क फक्त नागरिकांना देतं. भारताचा व्हिसा नाकारला गेलेल्या परदेशी माणसाला त्या कायद्याखाली स्वतःची फाइल मागता येत नाही. बाबांना परक्या देशानं जे फुकट दिलं, ते आपण परक्याला देत नाही. हे मला आवडलेलं नाही.

दुसरा अर्ज आम्ही स्वतः भरला. सोबत एक पानाचं पत्र होतं: पहिल्या फॉर्ममध्ये मुलाचं नाव राहून गेलं, कसं राहिलं, हा त्याचा जन्मदाखला, ही एफडीची पावती, ही बँकेची नोंद. ताईची मुलगी तोवर दोन महिन्यांची झाली होती. पाठवण्याआधी बाबांनी चष्मा लावून प्रत्येक पान वाचलं. मुलांच्या रकान्यापाशी थांबले, माझ्या नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं आणि म्हणाले, "आता दाब."